डॉक्टर काय म्हणाले होते

इंग्रजी मला कधीच आवडली नाही, आणि आता या वयात ती आवडून घ्यायचा माझा विचारही नाही. पण त्या भाषेतली दोन वाक्यं माझ्या डोक्यात घर करून बसली आहेत. पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांतलं मला ओ की ठो कळलं नव्हतं. पुढे कळली, तेव्हा वाटलं की कळली नसती तर बरं झालं असतं.

बेंगळुरात आम्ही आलो ते यजमानांच्या नोकरीपायी. बेळगावकडची माणसं आम्ही, घरात मराठी आणि बाजारात कानडी. शहराच्या पूर्वेला, होसकोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरकारी कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. यजमान नकाशे काढणाऱ्या विभागात होते. घरात आम्ही दोघं, तीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या वयाने फार नव्हत्या, पण लवकर विधवा झालेल्या बाईचा जो करारीपणा असतो तो त्यांच्यात पुरेपूर होता. घरात त्यांचा शब्द शेवटचा. मीही काही गरीब गाय नव्हते, त्यामुळे भांड्याला भांडं लागायचंच.

यजमान गेले ते पोटाच्या दुखण्याने. आधी बेंबीपाशी दुखायला लागलं, मग उजवीकडे सरकलं, उलटी झाली. आत्याबाईंनी संध्याकाळी एरंडेल तापवून दिलं. यात काही विशेष नव्हतं. आमच्या घरात पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर एरंडेलच असायचं. पोट धुऊन निघालं की माणूस बरा, हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं आणि त्यांनी दोन मुलं त्यावरच वाढवलेली. यजमानांनी नाक दाबून वाटी रिकामी केली, वर आईला चिडवलं, "आता झोपू दे, नाहीतर अजून एक वाटी आणशील."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुखणं एकाएकी थांबलं. आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, उतरलं की नाही?" त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मला अजून दिसतो. संध्याकाळपर्यंत पोट पाटीसारखं कडक झालं. आत अपेंडिक्स फुटलं होतं, हे मला फार पुढे कळलं. मग वरच्या घरातले इंजिनियर धावले, कारखान्याची गाडी आली, दवाखाना झाला, आणि त्याच रात्री सगळं संपलं.

डॉक्टर बंगाली होते. त्यांना कानडी येत नव्हती, आम्हाला बंगाली. ते वऱ्हांड्यात इंजिनियरांशी इंग्रजीत बोलले. मी आणि आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होतो. डॉक्टर हळू बोलत होते, मान हलवत होते. ते म्हणाले, "इफ ओन्ली दे हॅड ब्रॉट हिम इन यस्टर्डे." मग थोडं थांबून, "आय विश दे हॅडन्ट गिव्हन हिम दॅट कॅस्टर ऑइल."

मी मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली. आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे धडा वाचायचा, मराठीत अर्थ लिहायचा आणि परीक्षा झाली की विसरायचं. त्या क्षणी मला फक्त 'यस्टर्डे' कळलं आणि 'कॅस्टर ऑइल' कळलं. मधले शब्द कानावरून घरंगळून गेले. वाटलं, काल काय दिलं होतं असं विचारत असतील. इंजिनियर भला माणूस. त्यांनी आमच्याकडे वळून मोडक्या हिंदीत सांगितलं, "डॉक्टर बोलता है, बहुत कोशिश किया." आम्ही दोघींनी माना हलवल्या.

त्यानंतरचे महिने मला धड आठवत नाहीत. मुलाला खाऊ घालायचं, बाकी काही नाही. मग कारखान्यातून निरोप आला. मयत माणसाच्या बायकोला ऑफिसात कारकुनाची जागा देता येईल, क्वार्टरही राहील, पण इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी. लेखी थोडं, आणि साहेबांसमोर बसून बोलणं. पास नाही झालं, तर क्वार्टर सोडायचं. सोडून जायचं कुठे, हेही ठरलेलं होतं: निपाणीला दिरांकडे. दीर चांगले, पण जाऊबाई पहिल्या दिवशीच मला चुलीपुढे बसवणार आणि माझा मुलगा त्यांच्या मुलांचे उतरलेले कपडे घालून वाढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी रात्रंदिवस त्याचाच धसका घेऊन बसले होते.

मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर आत्याबाई म्हणाल्या, "शीक. कुठं शिकवतात बघ आणि जा. पोराला मी बघते."

मला आश्चर्य वाटलं. बायकांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्या मला क्लासला पाठवत होत्या. मी समजले, क्वार्टर जाईल म्हणून. माणूस दुसऱ्याचं कारण आपल्या कारणावरून ठरवतो.

वसाहतीच्या शाळेत संध्याकाळी एक मास्तर येत. होसकोट्याचे, बसने येत, रिटायर झालेले. सगळे त्यांना कानडीत मेष्ट्रू म्हणत. आम्ही चार-पाच जण होतो: दोन शिकाऊ कामगार, एक नर्स व्हायला निघालेली ख्रिश्चन मुलगी, एक मल्याळी टायपिस्ट आणि मी. मेष्ट्रू पुस्तक उघडायचे नाहीत. छत्री, खडू, डबा, किल्ली अशा वस्तू टेबलावर ठेवून ते वाक्यं म्हणून घ्यायचे, एकाच साच्यातली, शब्द बदलून बदलून, तोंडाला फेस येईपर्यंत. आणि त्यांचे दोन हट्ट होते. एक, स्वतःबद्दलचं वाक्य खरं पाहिजे. 'माझा भाऊ डॉक्टर आहे' म्हणालात की ते विचारायचे, कुठे, कुठला, आणि भाऊ नसला तर वाक्य बाद. खोटं वाक्य तोंडात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा हट्ट, घरी गेल्यावर दिवेलागणीच्या आत त्या दिवसाची वाक्यं कुणाला तरी मोठ्याने म्हणून दाखवायची आणि त्याला अर्थ सांगायचा. भिंतीला नाही. माणसाला.

माझं माणूस म्हणजे आत्याबाई. त्या सुपात तांदूळ घेऊन बसत, मी समोर बसून म्हणे. "धिस इज माय सन. ही इज प्लेइंग." त्या म्हणत, "अर्थ?" मी अर्थ सांगे. त्या खडा वेचून बाजूला टाकत आणि म्हणत, "पुढं?" दिवसामागून दिवस हेच. एकदाही त्यांनी आज राहू दे म्हटलं नाही. उलट कधी कधी चिडायच्या. "हे आहे, ते आहे, हा खेळतोय, ती जेवत्येय. एवढंच काय शिकवतोय मास्तर? झालेल्या गोष्टी कधी शिकवणार?" पुढे भूतकाळ आला, 'वेंट' आणि 'केम' आलं, तेव्हा त्या जरा सरसावून बसल्या. मग म्हणाल्या, "झालेलं झालं. पण न झालेलं? ते कसं बोलतात?"

मी हसले. म्हटलं, "न झालेलं कशाला बोलायला पाहिजे?"

त्यांनी सूप जोरात पाखडलं.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मेष्ट्रू म्हणाले, आता एक शेवटचा साचा राहिला. साहेब लोक गप्पा मारताना हमखास यात शिरतात, तुम्हाला यायलाच हवा. त्यांनी टेबलावरची छत्री उचलून कोपऱ्यात लपवली आणि म्हणाले, "आय हॅव नो अम्ब्रेला. आय विश आय हॅड अॅन अम्ब्रेला." एका शिकाऊ मुलाने म्हटलं, "आय विश आय हॅव." मेष्ट्रूंनी टेबलावर टिचकी मारली. नाही. छत्री आत्ता नाही, पण 'हॅव' म्हणायचं नाही, 'हॅड' म्हणायचं. रूप कालचं, गोष्ट आत्ताची. एक पाऊल मागे सरकलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे खरं नाही, ही नुसती इच्छा आहे. मिळण्याची आशा असेल तर 'होप' म्हणा. 'होप'चं दार उघडं असतं, 'विश'चं बंद असतं.

नर्स होणारी मुलगी म्हणाली, "आय विश आय वॉज टॉल." मेष्ट्रू म्हणाले, बोलताना चालतं, पण साहेबांसमोर 'वेअर' म्हणा. 'आय विश आय वेअर टॉल.' ती खरंच बुटकी होती, आम्ही सगळे हसलो. मीही हसले. खूप दिवसांनी हसले होते, म्हणून लक्षात राहिलं.

मला ते सोपंच वाटलं. आपल्याकडे नाही का म्हणत, 'असता तर किती बरं झालं असतं'? फरक एवढाच की मराठीत 'असता तर' आजच्यालाही चालतं आणि कालच्यालाही. एकाच पिशवीत सगळं. इंग्रजीत दोन वेगळ्या पिशव्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मेष्ट्रू भिजून आले होते. सराव म्हणून मुद्दाम की खरंच, कोण जाणे. म्हणाले, "मी घरून निघताना छत्री घेतली नाही. आता भिजून झालं. आता मी काय म्हणेन?" मल्याळी टायपिस्ट म्हणाला, "आय विश आय ब्रॉट माय अम्ब्रेला." मेष्ट्रू म्हणाले, नाही. आत्ताच्या गोष्टीसाठी एक पाऊल मागे गेलो होतो. ही गोष्ट मुळातच मागची आहे, म्हणजे अजून एक पाऊल मागे. "आय विश आय हॅड ब्रॉट माय अम्ब्रेला." कुणीतरी 'वुड हॅव ब्रॉट' म्हणालं. तेही नाही. फक्त 'हॅड ब्रॉट'. आणि हे सगळं मनाला फार लागलेलं असेल, पोटातून आलं असेल, तर 'आय विश'च्या जागी म्हणायचं 'इफ ओन्ली'.

त्यांनी फळ्यावर लिहिलं. इफ ओन्ली आय हॅड ब्रॉट. खाली, इफ ओन्ली ही हॅड कम. खाली, इफ ओन्ली दे हॅड ब्रॉट.

मला दवाखान्याचा वऱ्हांडा दिसायला लागला, डॉक्टरांची हलणारी मान दिसायला लागली. इफ ओन्ली दे हॅड ब्रॉट हिम. ब्रॉट म्हणजे आणलं, हे मला कधीपासून माहीत होतं. यस्टर्डे म्हणजे काल. काल आणलं असतं तर. आणि मग दुसरं वाक्य, जे मी वर्षभर नुसत्या आवाजासारखं वागवत होते, ते आपोआप सुटं झालं. विश. हॅडन्ट गिव्हन. कॅस्टर ऑइल. यांनी ते एरंडेल त्याला दिलं नसतं तर.

मेष्ट्रू म्हणत होते, 'इफ ओन्ली'ला पुढचं अर्धं वाक्य लागत नाही. काय झालं असतं ते सांगावं लागत नाही, ऐकणाऱ्याला कळतंच. मग ते माझ्याकडे वळले. "यू, अम्मा. स्वतःबद्दल. खरं वाक्य."

ते थांबले. सगळे थांबले. मी उठून उभी राहिले आणि परत बसले. मेष्ट्रूंना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी कानडीत हळूच म्हटलं, "सरी, सरी, असू दे. उद्या सांगा. पण सांगायला लागेल. परीक्षेत नवऱ्याबद्दल विचारणारच. हा साचा टाळून तुम्हाला त्याबद्दल बोलता यायचं नाही."

घरी आले. आत्याबाई सूप घेऊन बसलेल्याच होत्या. मुलगा त्यांच्या मांडीला टेकून तांदळात बोटं घालत होता. "आज काय शिकवलं?"

"जुनंच," मी म्हटलं. "उजळणी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग परत तांदळाकडे.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. मला त्यांची सावली सहन होईना. त्या ताट वाढायच्या, मला वाटायचं, याच हाताने. त्या माझ्या मुलाला कुरवाळायच्या, मला वाटायचं, हात तोडावा. दोन मुलं वाढवली म्हणे एरंडेलावर! एक निपाणीला दुकान चालवतोय आणि एक कुठे आहे? ओरडून सांगावं असं शंभरदा ओठांवर आलं. आणि प्रत्येक वेळी क्वार्टरांमागची विहीर डोळ्यांपुढे यायची. आत्याबाईंना मी ओळखत होते. आपल्या हाताने पोरगा गेला हे कळल्यावर ही बाई जेवणार नाही, बोलणार नाही, सरळ विहीर गाठेल. मग सांगायचं नाही. पण न सांगता त्यांच्या समोर बसून इंग्रजी म्हणायचं कसं? मी रोज खोटं सांगू लागले. उजळणी. जुनंच. आज मास्तर आले नाहीत. आणि खोटं बोलण्याचा रागही त्यांच्यावरच काढू लागले. मीठ जास्त झालं, भाजी करपली, मुलाला फार लाडावता. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, हेही मला दिसलं नाही. एरवी त्या माझं बोलणं खपवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

क्लासात मी ते वाक्य म्हणू शकले नाही. म्हटलं, झालं. परीक्षेत नवऱ्याचं नाव निघणार आणि माझी दातखीळ बसणार. निपाणीची चूल मला दिसू लागली. देवाला तरी काय मागणार? 'होप'चं दार मला उरलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी नळावर गेले होते. निघताना मुलगा पोट धरून कण्हत होता, "आई, पोट दुखतंय." मी म्हटलं, आले हं. नळावर रांग होती. घागर भरून परत येते तर दार उघडं, घरात कुणी नाही. ना मुलगा, ना आत्याबाई.

माझ्या हातून घागर निसटली. पहिलं काय केलं असेल तर फडताळाकडे धावले. वरच्या कप्प्यात उजवीकडे एरंडेलाची बाटली असायची, काळपट काचेची. ती नव्हती. शेगडीवर हात ठेवून पाहिला, शेगडी गार होती. म्हणजे न तापवताच पाजलं? की कुणाकडे तापवायला नेलं? मी अनवाणी बाहेर पडले. वरच्या इंजिनियरांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या जिन्यात उभ्या होत्या. मी ओरडले, "अक्का, एरंडेल नेलं का त्यांनी? बाटली कुठाय?" त्यांना कळेना. कानडीत म्हणाल्या, अज्जी तर मघाच मुलाला कडेवर घेऊन दवाखान्याकडे पळत गेल्या. पदरही डोक्यावर नव्हता.

दवाखान्यापर्यंत मी कशी पोचले मला माहीत नाही. बाकावर आत्याबाई बसल्या होत्या, मुलगा त्यांच्या मांडीवर पेरू हवा म्हणून हट्ट करत होता. काल त्याने अक्कांच्या झाडाचे कच्चे पेरू पोटभर खाल्ले होते, तेवढंच. कंपाउंडर मला हसत म्हणाला, "ही अज्जी दारातूनच ओरडत आली. एरंडेल दिलेलं नाही, काही दिलेलं नाही, आधी पोट तपासा. कानडीत, मराठीत, पुन्हा कानडीत. डॉक्टरांना हातसुद्धा धुऊ देत नव्हती."

मी त्यांच्या शेजारी बसले. विचारलं, "बाटली कुठे आहे, आत्याबाई?"

"बाटली तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यात टाकली," त्या म्हणाल्या. "तुला आत्ता दिसलं व्हय?"

हाच तो वऱ्हांडा होता. तीच भिंत. आत्याबाई मुलाच्या केसांतून हात फिरवत समोर बघत म्हणाल्या, "डॉक्टर त्या दिवशी कॅस्टर ऑइल म्हणाला होता. तेवढा शब्द मला येतो, बाटलीवर असतो तो. त्याच्या आधी काय म्हणाला ते कळलं नाही. वरचे साहेब म्हणाले कोशिश. इतकं लांब बोलणं एवढ्याशा कोशिशीचं असतं व्हय गं?"

मुलाने पुन्हा पेरू मागितला.

"इफ ओन्ली," त्या म्हणाल्या. स्वच्छ, मेष्ट्रूंसारखं. "एवढं मी ध्यानात ठेवलं. रोज वाट बघत होते. तू 'ही इज प्लेइंग' म्हणायचीस, मी म्हणायची, आज येईल, उद्या येईल. गेल्या आठवड्यात तू घरी आलीस ती भूत बघितल्यासारखी, आणि म्हणालीस उजळणी. तेव्हाच कळलं, आलं म्हणून." मग माझ्याकडे वळल्या. "अर्थ सांग."

मी म्हटलं, "आत्याबाई, माझी परीक्षा आहे."

"ठाऊक आहे मला. अर्थ सांगून जा."

मला पळून जायचं होतं. पण मुलगा त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांचे डोळे माझ्यावर होते. मी विहिरीचा विचार केला. मग वाटलं, ही बाई वर्षभर विहिरीपाशीच राहते आहे, आणि रोज तांदूळ निवडते आहे. मी सांगितलं. दोन्ही वाक्यं, शब्दन् शब्द. काल आणलं असतं तर. एरंडेल दिलं नसतं तर.

त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. फक्त मुलाच्या केसांत फिरणारा हात थांबला. मग म्हणाल्या, "म्हणजे आणला असता आदल्या दिवशी, तर वाचला असता."

"असं डॉक्टर म्हणाले."

"आणि इंग्रजीत त्याच्या पुढं काही नाही? मास्तरनं पुढचं काही शिकवलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "तिथंच संपतं ते."

"मराठीतही तिथंच संपतं," त्या म्हणाल्या. "जा. उशीर होईल."

मी तशीच अनवाणी गेले. माझी पाळी येऊन गेली होती. शिपायाच्या हातापाया पडले, तेव्हा कुठे त्याने मला आत सोडलं. दोन साहेब होते. एकाने माझ्या पायांकडे पाहिलं आणि बसा म्हटलं. नाव, गाव, मुलगा किती वर्षांचा. ते सगळं झालं. मग दुसऱ्याने, खरंच वाईट वाटून, विचारलं, तुमचे यजमान कशाने गेले?

मी सांगत गेले. पोटात दुखत होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणलं. उशीर झाला. कॅस्टर ऑइल दिलं होतं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "हू गेव्ह इट?" कोणी दिलं?

आठवडाभर माझ्या डोक्यात या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते मी हजारदा मनात ओरडले होते. 'शी.' एक अक्षर. म्हणायला अगदी सोपं. पण मला बाकावरची ती बाई दिसत होती, डोक्यावर पदर नसलेली.

"वी गेव्ह इट, सर," मी म्हटलं. "वी डिड नॉट नो. आय विश वी हॅड नोन."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, तुम्ही जाऊ शकता.

जागा मिळाली, क्वार्टर राहिलं. त्या ऑफिसात मी पुढची सगळी नोकरी केली, आणि बोलण्याचालण्यापुरती इंग्रजीही आली. पण जागा मिळाल्याचं कळायला अजून वेळ होता. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा निकाल काय ते मला माहीत नव्हतं. मी फक्त दारातून आत पाहिलं, त्या आहेत की नाहीत.

त्या होत्या. सूप पुढ्यात होतं, मुलगा पलीकडे झोपला होता. सकाळी सांडलेलं पाणी त्यांनी पुसून काढलं होतं आणि चेपलेली घागर कोपऱ्यात पालथी घातली होती. मी समोर बसले.

"काय विचारलं?"

"ते कशाने गेले म्हणून विचारलं."

"मग? काय म्हणालीस?"

मी वाक्य म्हटलं. "आय विश वी हॅड नोन."

"अर्थ?"

"आपल्याला माहीत असतं तर."

त्यांचा हात तांदळात थांबला. "आपल्याला म्हणजे कुणाला?"

"तुम्हाला आणि मला."

त्यांनी मान खाली घातली. सुपातल्या तांदळावर टपकन पाणी पडलं, मग आणखी. त्यांनी ते पदराने टिपलं नाही. एक खडा शोधून बाजूला टाकला, आणि म्हणाल्या, "परत म्हण."